दिवाळी अंकाला लेख पाठवला, उत्तर आलं नाही: दुसरा मेल कधी आणि कसा लिहावा

दिवाळी अंकाच्या संपादकांना मेलने लेख पाठवला की पहिले दोन-तीन दिवस माणूस पुन्हा पुन्हा मेलपेटी उघडून बघतो. मग आठवडा जातो, पंधरवडा जातो. आपल्याकडून काही चुकलं का, पुन्हा विचारलं तर संपादक वैतागतील का, आणि नाही विचारलं तर लेख तसाच पडून राहील का, असे प्रश्न सुरू होतात. बरेच लोक इथेच थांबतात. काही जण उलट टोक गाठतात आणि आठवड्यात तीन मेल, दोन फोन करतात.

मी काही वर्षं एका दिवाळी अंकाच्या संपादनात मदतनीस म्हणून काम केलं. तिथली मेलपेटी मीच बघायचे, आणि मी स्वतःही लिहिते, त्यामुळे या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. गेल्या वर्षी कोकणातल्या एका शिक्षिकेच्या लेखाबाबत आम्ही दोघींनी मिळून हा सगळा पाठपुरावा केला. तो क्रमाने सांगते, म्हणजे प्रत्येक पायरीमागचं कारणही कळेल.

बाईंचा लेख धान्याच्या जुन्या मापांवर होता. शीर्षक होतं 'पायली, शेर, चिपटं'. आजीच्या वेळची मापं, ती कुणाकडे असायची, उसनं धान्य परत करताना माप भरायचं की शिगोशीग द्यायचं, असे बारकावे त्यात होते. त्यांनी तो 12 मे 2025 रोजी एका अंकाला पाठवला. मे संपत आला तरी उत्तर नव्हतं, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "आठवण करू का?"

मी म्हटलं, "आधी आपण काय पाठवलंय ते बघू."

आधी पहिला मेल उघडून बघा

उत्तर न येण्याचं कारण पुष्कळदा आपल्याच मेलमध्ये असतं. ते दुरुस्त न करता नुसती आठवण केली, तर आधीच न उघडलेली फाइल पुन्हा न उघडलेलीच राहते.

पहिली तपासणी म्हणजे मेल पोचला का. जीमेल वापरत असाल तर शोधचौकटीत हे टाइप करा:

```
in:sent has:attachment
```

पाठवलेल्या, फाइल जोडलेल्या सगळ्या मेलची यादी येते. आपला मेल त्यात आहे का आणि पत्ता बरोबर आहे का, ते अक्षर-अक्षर बघा. अंकावर छापलेल्या पत्त्यातला टिंब किंवा आकडा चुकवणारे लोक मी खूप पाहिले आहेत. पत्ताच अस्तित्वात नसेल तर बहुधा `Mail Delivery Subsystem` या नावाने मेल परत आलेला असतो. तो `Spam` मध्ये गेला नाही ना, हेही बघा. संपादकांचं उत्तरही कधी तिथेच सापडतं.

बाईंचा पत्ता बरोबर होता. मग त्यांना तोच मेल माझ्या पत्त्यावर पाठवायला सांगितला आणि मी तो मोबाइलवर उघडला. ही चाचणी प्रत्येकाने करावी. घरातल्या कुणाच्याही फोनवर मेल पाठवा आणि त्यांना फाइल उघडायला सांगा. संपादक पहिल्यांदा मेल बघतात तो बसमध्ये किंवा जेवणानंतर, मोबाइलवरच.

माझ्या फोनवर लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसला. बाईंनी लेख तालुक्याच्या गावी टायपिंग करून घेतला होता आणि तिथे जुना फॉन्ट वापरला होता. श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर वाचता येत नाही. छपाईच्या संगणकावर तो फॉन्ट असू शकतो, संपादकांच्या फोनवर नसतो. दुसरी गोष्ट अशी, की फोटो मोठे असल्याने त्यांनी ते ड्राइव्हवर टाकून लिंक दिली होती. लिंकवर बोट ठेवलं की `You need access` असं येत होतं, कारण बघण्याची परवानगीच दिलेली नव्हती.

असा मेल आला की मदतनीस काय करतो, ते मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. 'संगणकावर बसले की बघू' असं ठरवून तो तसाच सोडतो. संध्याकाळपर्यंत वर आणखी दहा मेल आलेले असतात. कुणी लेख नाकारलेला नसतो. तो नुसता खाली गेलेला असतो.

विषयाच्या ओळीत बाईंनी 'लेख' एवढंच लिहिलं होतं. मे-जूनमध्ये अशा अंकाच्या मेलपेटीत 'लेख', 'कविता', 'दिवाळी अंकासाठी' या नावाचे मेल एकाखाली एक असतात. नंतर त्यातला नेमका शोधायचा तरी कसा?

किती दिवस थांबायचं

ऑफिसच्या मेलला आठवडाभराने आठवण केली तर चालते. दिवाळी अंकाचं तसं नाही, तिथे दिवस अंकाच्या वेळापत्रकावरून मोजावे लागतात. मी जिथे काम केलं तिथे मे आणि जूनमध्ये आपणहून आलेलं साहित्य वाचलं जायचं, जुलैअखेर निवड पक्की व्हायची, ऑगस्टमध्ये अक्षरजुळणी, चित्रं आणि मुद्रितशोधन, आणि सप्टेंबरमध्ये अंक छापायला जायचा. प्रत्येक अंकाचं दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होतं, पण क्रम साधारण हाच.

म्हणून लक्ष्मीपूजनाची तारीख धरून मागे मोजा. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे अडीच आठवडे उशिरा. गेल्या वर्षी ज्या तारखेला विचारलं त्याच तारखेला यंदा विचारण्यात अर्थ नाही. निवड साधारणपणे लक्ष्मीपूजनाआधी 12 आठवड्यांच्या सुमारास संपते असं धरलं, तर आपली पहिली आठवण त्याच्या बरीच आधी, वाचन चालू असताना जायला हवी.

लेख मेच्या मध्यावर गेला असेल तर मी तीन आठवडे थांबते. त्याआधी विचारलं तर बहुधा वाचन सुरूच झालेलं नसतं आणि संपादकांना 'अजून पाहिलं नाही' यापलीकडे काही सांगता येत नाही. अंकाने स्वतः मुदत छापली असेल, उदाहरणार्थ 'स्वीकृती 15 जुलैपर्यंत कळवू', तर त्या तारखेपर्यंत गप्प राहायचं आणि नंतर चार दिवसांनी विचारायचं. 'निवड झाली तरच कळवू' असं छापलेलं असेल तर एकदाच विचारावं, तेही फाइल उघडत नसल्याची शंका असेल तरच.

ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात मात्र विचारू नये. 2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला आले. त्या सुमारास पानं लागलेली असतात, मुद्रितं इकडून तिकडे जात असतात, आणि न निवडलेल्या लेखाची चौकशी तेव्हा त्रासदायकच वाटते.

पहिली आठवण

बाईंची पहिली आठवण आम्ही 2 जूनला, सोमवारी सकाळी पाठवायची ठरवली. तत्पूर्वी लेख युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घेतला, आणि फोटो लहान करून त्यातले 3 निवडले.

एरवी आठवण त्याच धाग्यात पाठवावी. `Sent` मधला आपला जुना मेल उघडून `Reply` दाबलं की तो मूळ पत्त्यावरच जातो आणि पहिला मेल खाली आपोआप राहतो. संपादकांना शोधावं लागत नाही. विषयाची ओळ बदलली की जीमेल तो वेगळा संवाद समजतं आणि दोन मेल एकमेकांपासून तुटतात, म्हणून ती बदलायची नाही. इथे मात्र मूळ ओळच 'लेख' अशी निरुपयोगी होती आणि खालची फाइलही वाचता येणारी नव्हती. अशा वेळी मी नवा मेल लिहिते. जुन्या मेलची तारीख मजकुरात दिली की पुरे.

विषयाची ओळ अशी ठेवली: 'दिवाळी अंकासाठी लेख: पायली, शेर, चिपटं (12 मे रोजी पाठवलेला, आता युनिकोडमध्ये)'. आणि मेल असा:

> आदरणीय संपादक,
> सप्रेम नमस्कार.
>
> 12 मे रोजी मी आपल्याला 'पायली, शेर, चिपटं' हा लेख पाठवला होता. कोकणातल्या घरांमधली धान्याची मापं आणि त्यांच्याभोवतीचे व्यवहार हा त्याचा विषय आहे. शब्द सुमारे 3,800.
>
> त्या मेलमधली फाइल जुन्या फॉन्टमध्ये होती आणि फोटोंची लिंक उघडत नव्हती, हे नंतर माझ्या लक्षात आलं. आता युनिकोडमधली वर्ड फाइल, तिचीच पीडीएफ आणि मापांचे 3 फोटो थेट जोडले आहेत. लेखाचे पहिले दोन परिच्छेद या मेलखाली दिले आहेत.
>
> यंदाच्या अंकासाठी हा लेख विचारात घेता येईल का? लांबी जास्त वाटल्यास 2,500 शब्दांपर्यंत कमी करून देईन.
>
> आपली,
> (नाव, गाव, फोन)

यात 'आठवण' हा शब्दच नाही. मेलला स्वतःचं काम आहे: न उघडणारी फाइल बदलून देणं. संपादकांच्या बाजूने पाहिलं तर हा तगादा नाही, त्यांची सोय आहे. आपली चूक एका वाक्यात सांगितली आहे आणि तिथेच सोडली आहे.

दोन परिच्छेद मेलमध्येच देण्याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. फाइल उतरवून उघडण्याआधी संपादकांच्या नजरेला लेखाची भाषा पडते, आणि निवडीचा निम्मा कौल तिथेच लागतो. लेखाची सुरुवात संथ असेल तर मधला एखादा चांगला परिच्छेद द्यावा आणि तो कुठला आहे ते सांगावं.

शेवटचा प्रश्न एकच ठेवला आहे, आणि त्याचं उत्तर 'हो', 'नाही' किंवा '2,500 शब्दांत द्या' असं एका ओळीत देता येतं. 'आपला अभिप्राय कळवावा' असं लिहिलं असतं तर संपादकांना बसून चार वाक्यं लिहावी लागली असती, आणि ते काम पुन्हा उद्यावर गेलं असतं. अनेकांच्या मेलमध्ये 'लेख मिळाला का, कसा वाटला, कधी छापाल, मानधन किती' असे चार प्रश्न एकत्र येतात. त्यातल्या एकाचं उत्तर तयार नसेल तर चारही अडकतात. मानधनाचं स्वीकृतीनंतर विचारावं. तेव्हा ते विचारण्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

शब्द कुठे टोचतात

मराठीत घाई आणि राग क्रियापदाच्या रूपातच दिसून येतो. 'त्वरित कळवावे' हे सरकारी खात्याच्या स्मरणपत्रासारखं वाटतं, 'कळवाल का?' हे विचारणं वाटतं. 'आपल्याकडून अद्याप उत्तर प्राप्त झालेले नाही' हे वाक्य व्याकरणाने सौम्य आहे, पण वाचणाऱ्याला ते आरोपासारखं लागतं. त्याऐवजी आपण काय केलं ते सांगावं: '12 मे रोजी लेख पाठवला होता.' उत्तर आलं नाही हे त्यांना तेवढ्यावरून कळतं.

उलट बाजूचा दबाव लोकांच्या लक्षात येत नाही. 'मी एक सामान्य लेखिका आहे, आपल्या अंकात नाव यावं हे माझं आयुष्याचं स्वप्न आहे, रोज मेल उघडून बघते' अशी पत्रं मी खूप वाचली. ती लिहिणाऱ्यांची भावना खरी असते. पण मग लेख नाकारणं म्हणजे कुणाचं स्वप्न मोडणं होतं, आणि असं उत्तर लिहायला मी स्वतः टाळाटाळ केली आहे. संपादकांना नाही म्हणणं सोपं ठेवलं तर उत्तर लवकर येतं. 'तसदीबद्दल क्षमस्व' हेही एकदाच, किंवा नाहीच लिहिलं तरी चालतं.

संबोधनाचं म्हणाल तर पूर्वी भेट झालेली नसेल तर 'आदरणीय संपादक' आणि 'आपण' हेच बरं. संपादकांनी आधीच्या एखाद्या मेलमध्ये तुम्हाला नावाने हाक मारली असेल तर त्यांच्या नावापुढे 'सर' किंवा 'ताई' लावता येतं. समाजमाध्यमावर कुणीतरी त्यांना 'दादा' म्हणतं म्हणून आपण पहिल्याच मेलमध्ये म्हणू नये.

मेल वाचला गेला का हे गुपचूप कळवणारी साधनं वापरू नयेत. 'आपण माझा मेल 5 जूनला उघडलात' असं लिहिणारे मला एक-दोन भेटले. त्यांच्याविषयी अंकाच्या बैठकीत चर्चा झाली, पण लेखाविषयी झाली नाही. तसंच मालकांना किंवा प्रकाशकांना त्याच मेलची प्रत पाठवू नये. वरून सांगून काम करून घेतल्यासारखं होतं ते.

दुसरी आठवण, आणि फोनचा प्रश्न

2 जूनच्या मेललाही उत्तर आलं नाही. बाई थोड्या खचल्या. मी त्यांना आणखी तीन आठवडे थांबायला सांगितलं, कारण जून हा वाचनाचा महिना आणि निवड जुलैअखेरपर्यंत चालते.

दुसऱ्या आठवणीत नवीन काहीतरी असावं, पण ते खरं असावं. केवळ निमित्त म्हणून लेखात दोन शब्द बदलून 'सुधारित आवृत्ती' पाठवली तर संपादकांना आता कुठली फाइल वाचायची हा नवा घोळ होतो. बाईंना मधल्या काळात एका घरी जुनी पायली बघायला मिळाली होती, तिच्या काठावरचा शिक्का स्पष्ट होता, आणि त्यांनी तिचा फोटो घेतला होता. तो आम्ही 23 जूनला पाठवला. या वेळी विषयाची ओळ चांगली होती, म्हणून त्याच धाग्यात:

> सप्रेम नमस्कार.
> 'पायली, शेर, चिपटं' या लेखासाठी एका जुन्या पायलीचा फोटो मिळाला. तिच्यावरचा शिक्का नीट दिसतो. घरमालकांनी छापायला परवानगी दिली आहे. लेख वाचून झाला असल्यास यंदाच्या अंकासाठी त्याचा विचार होतो आहे का, एवढं कळवाल का? यंदा जमणारं नसेल तरी चालेल.

चार-पाच ओळी, बस. शेवटचं वाक्य मनापासून लिहायचं असेल तरच लिहावं.

नवीन काहीच नसेल तर? तर नुसतं साधेपणाने विचारावं. 'लेख वाचून झाला का, एवढं कळवाल का?' ही एक ओळ ओढूनताणून आणलेल्या निमित्तापेक्षा चांगली.

आता फोन. मराठी संपादक फोनवर बोलतात, आणि व्हॉट्सॲपवर तर मेलपेक्षा लवकर सापडतात. क्रमांक अंकावर छापलेला असेल किंवा त्यांनी स्वतः दिलेला असेल, तर दुसऱ्या मेलनंतर आठवड्याने एक संदेश पाठवायला हरकत नाही: 'नमस्कार, 23 जूनला धान्यमापांच्या लेखाबद्दल मेल केला होता. सवडीने पाहाल का?' लेखाची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नये. ती तिथे शोधून सापडत नाही आणि मेलवरची, व्हॉट्सॲपवरची अशा दोन प्रती फिरू लागतात. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही आलं, तर त्यावरून काहीही ठरवू नका. एखाद्या साहित्यिक ग्रुपमधून क्रमांक उचलून मात्र संदेश करू नये. मेल केला त्याच दिवशी 'मेल केलाय, बघा' असं सांगायला फोनही करू नये. मेलपेटी सांभाळताना मला सगळ्यात जास्त थकवा याच फोनांनी आणला.

लेख मागे घेण्याचं पत्र

दोन मेल आणि एक संदेश झाल्यावर तिसरा मेल लिहायचा तो लेख मोकळा करण्यासाठी. हा टप्पा लोक वगळतात, आणि त्यातून खरा गोंधळ होतो.

माझ्या बाबतीत तो झाला. एका अंकाकडून दोन महिने उत्तर नव्हतं, म्हणून मी तीच कथा न सांगता दुसऱ्या अंकाला दिली. दुसऱ्यांनी ती घेतली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहिल्यांचा फोन आला की कथेचं चित्र तयार आहे, मुद्रित तपासायला पाठवतोय. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं हे खरं, पण मीही त्यांना काही कळवलं नव्हतं. त्यांची चार पानं ऐन वेळी रिकामी झाली. त्या संपादकांशी माझं पुन्हा कधी जुळलं नाही.

म्हणून तारीख देऊन सांगावं. ती धमकी वाटू नये यासाठी तारखेआधी आणि नंतर काय होईल ते सरळ लिहावं:

> 'पायली, शेर, चिपटं' या लेखाविषयी आपल्याला 2 आणि 23 जूनला लिहिलं होतं. अंकाच्या कामाची घाई मी समजू शकते. 20 जुलैपर्यंत आपल्याकडून काही कळलं नाही, तर यंदा हा लेख आपल्याला नको आहे असं समजून मी तो अन्यत्र पाठवेन. त्यासाठी आपण वेगळं उत्तर देण्याची गरज नाही.

शेवटच्या वाक्यामुळे संपादकांवरचं ओझं उतरतं. ज्यांना लेख हवा आहे ते मात्र अशा पत्राला बहुधा दोन दिवसांत उत्तर देतात. मुदत किमान आठवड्याची ठेवा, आणि ती संपेपर्यंत खरोखर थांबा. मुदतीनंतर लेख दुसरीकडे गेला आणि मग पहिल्यांचा होकार आला, तर तुमचं पत्र त्याच धाग्यात आहे. कुणाला दोष देण्याचं कारण उरत नाही.

कविता आणि छोट्या ललित लेखांना हे पत्र सहसा लागत नाही. तिथे पुष्कळ अंकांची रीतच न कळवण्याची आहे, आणि दुसऱ्या मेलनंतरचं मौन म्हणजे नकार समजून पुढे जावं. पूर्वी लेखासोबत पुरेशी तिकिटं लावलेला स्वतःच्या पत्त्याचा लिफाफा पाठवायची पद्धत होती, आणि साहित्य त्यात घडी घालून परत यायचं. नकार निदान हाती पडायचा. मेलमध्ये तो लिफाफा राहिला नाही, म्हणून ही तारीख आपल्यालाच घालावी लागते.

उत्तर आलं तर

बाईंचं तिसरं पत्र मी आधीच लिहून ठेवलं होतं, ते पाठवावं लागलं नाही. 27 जूनला संपादकांचा मेल आला. फोटो पाहून ते थांबले होते. लेख आवडला, पण बाजारातल्या मापांचा भाग वेगळ्या लेखाचा आहे, तो काढून 2,200 शब्दांत 10 जुलैपर्यंत द्याल का, असं त्यांनी विचारलं होतं.

अशा मेलला त्याच दिवशी उत्तर द्यावं, काम नंतर केलं तरी. 'हो, 10 जुलैच्या आत देते' एवढं पुरतं. मुदत जमणार नसेल तर तेव्हाच सांगावं, नऊ तारखेला नव्हे. त्यांनी इतका उशीर का केला हा विषय काढू नये.

'पाहतो' असं एका शब्दाचं उत्तर आलं तर तो होकारही नाही आणि नकारही नाही. लेख मेलपेटीत वर आला आहे, एवढाच त्याचा अर्थ. 'धन्यवाद' म्हणून दोन आठवडे शांत राहावं आणि मग एकदा विचारावं. 'यंदा जागा नाही' असं आलं तर आभार मानून लेख लगेच दुसरीकडे पाठवायला मोकळे. 'पुढच्या वर्षी पाहू' असं आलं तर पुढच्या मार्चमध्ये त्याच धाग्यात लिहावं, म्हणजे त्यांचं स्वतःचं वाक्य त्यांना खाली दिसतं.

बाईंनी बाजाराचा भाग काढला. ते त्यांना जड गेलं, कारण तो त्यांच्या वडिलांच्या दुकानावर होता. आम्ही तो वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवला आहे. 9 जुलैला लेख त्याच धाग्यात गेला. फाइलच्या नावात त्यांनी लेखाचं नाव, 'सुधारित' आणि '2,180 शब्द' असं लिहिलं होतं, आणि पाठवण्याआधी तो भाच्याच्या फोनवर उघडून पाहिला होता.